पंधरा, तीस, चाळीस आणि दोन गुणांची अट

टेनिसमध्ये पहिला गुण मिळाला की पंधरा, दुसऱ्याला तीस आणि तिसऱ्याला चाळीस. चौथा मिळाला की एक गेम जिंकला. हे आकडे मध्ययुगीन फ्रान्समधून आले. तिथे 'ज्यू द पोम' नावाचा खेळ होता. सुरुवातीला तो तळहाताने चेंडू टोलवत खेळत, रॅकेट नंतर आली. त्यात गुण पंधरा-पंधरानेच वाढत. डच विद्वान इरॅस्मसच्या 1522 सालच्या लॅटिन संवादात खेळाडू तीस आणि पंचेचाळीस असेच गुण मोजतात. पुढे पंचेचाळीसचे चाळीस झाले. ओरडून सांगायला तो आकडा लांबलचक होता म्हणून तो छाटला गेला, हे कारण सर्वसाधारणपणे मान्य आहे.

पण पंधराच का? घड्याळाच्या तबकडीवर काटा पाव-पाव सरकवून गुण दाखवत, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. मला ती पटत नाही. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे आकडे रूढ होते, आणि त्या काळच्या घड्याळांना मिनिटकाटा क्वचितच असे. 1579 साली ज्याँ गोसलँ या फ्रेंच राजाच्या ग्रंथपालाने याच प्रश्नावर एक पुस्तिका लिहिली. म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वी, खेळ ऐन भरात असतानाही, लोकांना पंधराचे कारण ठाऊक नव्हते.

शून्याला 'लव्ह' का म्हणतात, याचीही अशीच एक लोकप्रिय कथा आहे. शून्य अंड्यासारखे दिसते, अंड्याला फ्रेंचमध्ये 'लफ' म्हणतात आणि इंग्रजांनी त्याचे 'लव्ह' केले, अशी ती कथा. क्रिकेटमधल्या शून्याला भोपळा म्हणणाऱ्या आपल्याला ती लगेच पटते. अडचण अशी की, फ्रेंच लोक टेनिसमध्ये शून्याला 'लफ' म्हणत असल्याचा पुरावा सापडत नाही. इंग्लंडमध्ये मात्र पैसे न लावता केवळ हौसेखातर खेळण्याला 'फॉर लव्ह' खेळणे म्हणत, आणि अठराव्या शतकात व्हिस्टसारख्या पत्त्यांच्या डावांत काहीच गुण नसणे म्हणजे 'लव्ह' हा अर्थ प्रचारात होता. ज्याच्या हाती काही लागले नाही, तो प्रेमापोटी खेळतोय, असा हा प्रवास जास्त सरळ वाटतो.

'ड्यूस'बद्दल मात्र फारसा वाद नाही. फ्रेंचमध्ये 'आ दू' म्हणजे दोनावर. दोघेही चाळीसवर पोचले की जिंकायला अजून दोन गुण लागणार, असे ते सांगणे होते. पहिला गुण मिळवणारा 'अ‍ॅडव्हान्टेज'वर जातो, लगेच दुसराही मिळवला तर गेम त्याचा, नाहीतर दोघे पुन्हा ड्यूसवर.

माझ्या मते या सगळ्या गुणपद्धतीचा जीव या अटीतच आहे. हिशेब करून पाहा. सर्व्हिस करणारा खेळाडू शंभरातले साठ गुण जिंकतो असे धरू. ड्यूसवर एकाच गुणाने निकाल लावला तर त्याची शक्यता साठ टक्केच राहते. दोन गुणांची अट ठेवली, तर त्याने लागोपाठ दोन जिंकण्याची शक्यता छत्तीस टक्के आणि समोरच्याची सोळा टक्के. उरलेल्या वेळी पुन्हा ड्यूस. म्हणून शेवटी निकाल 36 विरुद्ध 16 या प्रमाणात लागतो, म्हणजे जवळपास 69 टक्के. नेटला लागून पलीकडे पडलेल्या एखाद्या चेंडूने गेम जाण्याचा धोका त्यामुळे कमी होतो.

लॉन टेनिसला ही पद्धत जन्मापासून नव्हती. मेजर वॉल्टर विंगफील्ड यांनी 1874 मध्ये या खेळाचे पेटंट घेतले, तेव्हा गुण मोजायचे ते पंधरापर्यंत सरळ आणि तेही फक्त सर्व्हिस करणाऱ्याचे. 1877 मध्ये पहिली विम्बल्डन स्पर्धा ठरली, तेव्हा नियम लिहिणाऱ्या समितीने ही मोजणी टाकून जुन्या फ्रेंच खेळाची पंधरा-तीस-चाळीस पद्धत घेतली.

सहा गेम जिंकले की एक सेट होतो. दोन गुणांसारखीच दोन गेमची आघाडी सेटलाही लागू लागली, आणि तिथे ती महागात पडली. ताकदवान सर्व्हिस करणारे दोघे समोरासमोर आले की कोणीच कोणाची सर्व्हिस मोडेना, म्हणजे समोरच्याच्या सर्व्हिसवरचा गेम कोणालाच जिंकता येईना. 1969 च्या विम्बल्डनमध्ये 41 वर्षांचे पांचो गोन्झालेस आणि चार्ली पसारेल यांचा पहिल्या फेरीचा सामना 112 गेम चालला. पहिला सेटच 24-22 असा संपला. अंधारामुळे खेळ थांबला, दुसऱ्या दिवशी पूर्ण झाला आणि गोन्झालेस जिंकले.

अमेरिकेत न्यूपोर्टचे जिमी व्हॅन अ‍ॅलन यावर आधीपासूनच उपाय सुचवत होते. त्यांचा नऊ गुणांचा टायब्रेक 1970 मध्ये यूएस ओपनने स्वीकारला. सहा-सहा गेम झाले की जास्तीत जास्त नऊ गुण खेळायचे आणि आधी पाच मिळवेल त्याचा सेट. चार-चार झाले की पुढचा एकच गुण दोघांसाठीही सेट पॉइंट. प्रेक्षकांचा श्वास रोखला जाई, पण दोनच्या आघाडीचे तत्त्व तिथे मोडले होते. शिवाय शेवटचे तीन गुण एकाच खेळाडूच्या सर्व्हिसवर खेळले जात. 1975 पासून यूएस ओपनने बारा गुणांचा टायब्रेक घेतला. आज आपण पाहतो तो हाच.

त्याची रचना फार विचारपूर्वक केलेली आहे. समजा, अ ची सर्व्हिसची पाळी आहे. अ उजव्या बाजूने एकच सर्व्हिस करतो. मग ब दोन करतो, पहिली डावीकडून आणि दुसरी उजवीकडून. त्यानंतर अ दोन, ब दोन, असे आळीपाळीने. गुण साधे मोजायचे: एक, दोन, तीन. आधी सात गुण मिळवणारा जिंकतो, पण दोनची आघाडी हवीच. 7-5 असा संपला तर बारा गुण होतात, म्हणून नाव बारा गुणांचा. दर सहा गुणांनी खेळाडू बाजू बदलतात, म्हणजे ऊन-वारा दोघांच्या वाट्याला येतो.

अ ने सुरुवातीला एकच सर्व्हिस का करायची? क्रम मांडून पाहा: अ ब, ब अ, अ ब, ब अ. दर दोन गुणांच्या जोडीत प्रत्येकाची एक सर्व्हिस येते. म्हणून गुण समान असतात तेव्हा दोघांच्या सर्व्हिसही समान झालेल्या असतात, आणि तिथून दोनने पुढे जायचे तर प्रतिस्पर्ध्याच्या सर्व्हिसवर एक तरी गुण काढावाच लागतो. त्यालाच मिनी-ब्रेक म्हणतात. ड्यूसची जुनी अट इथे सर्व्हिसच्या समतोलासह परत आली.

1980 च्या विम्बल्डन अंतिम सामन्यातला चौथा सेट पाहा. ब्योर्न बोर्ग आणि जॉन मॅकेन्रो यांचा टायब्रेक 34 गुण चालला. मॅकेन्रोंनी त्यात पाच मॅच पॉइंट वाचवले आणि तो 18-16 असा जिंकला. गुणफलकावर तो सेट 7-6 (16) असा नोंदवतात, कारण कंसात हरणाऱ्याचे गुण लिहायची रीत आहे. सामना मात्र बोर्गने पाचव्या सेटमध्ये 8-6 असा घेतला.

तो पाचवा सेट टायब्रेकविना होता. 1971 मध्ये टायब्रेक आणतानाच विम्बल्डनने निर्णायक सेट त्यातून वगळला होता, आणि 2010 मध्ये त्याची किंमत दिसली. जॉन इस्नर आणि निकोला माहू यांचा पाचवा सेट 70-68 झाला. सामना तीन दिवसांत मिळून 11 तास 5 मिनिटे चालला आणि 47-47 ला गुणफलकच बंद पडला. 2019 मध्ये विम्बल्डनने निर्णायक सेटला 12-12 वर टायब्रेक आणला. त्याच वर्षी पुरुषांच्या अंतिम सामन्यात नोव्हाक जोकोविच आणि रॉजर फेडरर तिथवर पोचले. फेडररने सामन्यात 218 गुण मिळवले, जोकोविचने 204. पण तिन्ही टायब्रेक जोकोविचने जिंकले आणि विजेतेपदही त्याचेच झाले.

तोवर चारही ग्रँडस्लॅम स्पर्धांचे शेवटच्या सेटचे नियम वेगवेगळे होते, आणि फ्रेंच ओपनमध्ये तर तिथे टायब्रेक नव्हताच. 2022 पासून चौघींनी एकच नियम केला: निर्णायक सेटमध्ये 6-6 झाले की टायब्रेक, आणि तो आधी दहा गुण मिळवणारा जिंकतो. सर्व्हिसचा क्रम तोच आणि दर सहा गुणांनी बाजू बदलणेही तसेच. आणि 9-9 झाले, तर दोनची आघाडी मिळेपर्यंत खेळ सुरूच राहतो, कितीही वेळ लागला तरी.