‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ या घोषणेमागे काय आहे?

मार्च 2023 मध्ये महाराष्ट्रातले सरकारी कर्मचारी हीच घोषणा देत, सगळ्यांना जुनी पेन्शन मिळावी म्हणून आठवडाभर संपावर गेले, त्या संपाचं मूळ एका तारखेत आहे. 1 नोव्हेंबर 2005. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत रुजू झालेल्याला जुनी पेन्शन, त्या दिवशी किंवा नंतर रुजू झालेल्याला नवी अंशदायी योजना, म्हणजे पेन्शनसाठी दरमहा पगारातून हप्ता कापणारी. केंद्राने हीच रेघ 1 जानेवारी 2004 ला ओढली होती. सैन्यदलं मात्र तिच्या बाहेर ठेवली.

जुन्या पद्धतीत रक्कम आधीच ठरलेली. शेवटचा मूळ पगार 60 हजार असेल, तर पूर्ण पेन्शन 30 हजार, वर महागाई भत्ता. कर्मचाऱ्याच्या पगारातून यासाठी काहीच कापलं जात नव्हतं, आणि खरी गोम अशी की सरकारही कुठे पैसे गुंतवून ठेवत नव्हतं. त्या त्या वर्षीच्या तिजोरीतून पेन्शन जायची. त्यामुळे बाजार पडो वा चढो, पेन्शनर किती वर्षं जगो, भार करदात्यांवर.

नव्या योजनेत उलट झालं. ठरलेला असतो तो फक्त हप्ता: मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून येणाऱ्या रकमेच्या दहा टक्के कर्मचाऱ्याचे, सुरुवातीला तेवढेच सरकारचे (केंद्राने 2019 पासून आपला वाटा 14 टक्के केला). शेवटी हातात काय पडेल, हे कुणी सांगत नाही.

समजा, निवृत्तीला 60 लाख जमले. त्यातल्या किमान 40 टक्क्यांची, म्हणजे 24 लाखांची, विमा कंपनीकडून वार्षिकी घ्यावीच लागते, म्हणजे एकरकमी पैसे द्यायचे आणि बदल्यात जन्मभर दरमहा रक्कम घ्यायची. त्या दिवशी दर सात टक्के असेल तर महिना 14 हजार, सहा असेल तर 12 हजार. आणि तो आकडा सहसा जन्मभर तोच. शेअर बाजाराची भीती जरा जास्तच दाखवली जाते, असं मला वाटतं. सरकारी कर्मचाऱ्यांच्या ठरावीक पर्यायात शेअर्सचा वाटा बरीच वर्षं 15 टक्क्यांपर्यंतच होता, बाकी मुख्यतः रोखे. खरा फटका व्याजदर आणि महागाईचा. सगळे 60 लाख सहा टक्क्यांनी वार्षिकीत घातले तरी महिना 30 हजारच येतात. म्हणजे जुन्या पेन्शनच्या मूळ रकमेइतकेच, पण महागाई भत्ता नाही. वीस वर्षांनीही तेच 30 हजार.

म्हणून ऑक्टोबर 2005 मध्ये रुजू झालेला आणि नोव्हेंबरमध्ये आलेला त्याच टेबलावरचा सहकारी यांच्यातली दरी निवृत्तीनंतर दरवर्षी रुंदावत जाते.

ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने जाहीर केलेली एकीकृत योजना मधली वाट आहे. कर्मचाऱ्याचे दहा टक्के कापले जातातच, पण 25 वर्षं सेवा झालेल्याला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्म्या रकमेची हमी आहे, शिवाय महागाईनुसार वाढ. सरकार 18.5 टक्के भरतं, त्यातले 8.5 टक्के वैयक्तिक खात्यात न जाता सामाईक निधीत जातात, आणि हमी पाळायला लागणारी तूट त्या निधीतून भरायची आहे.