‘मॅच फिक्स आहे’ म्हणणाऱ्या ग्रुपांचा जुना हिशेब

सामना संपल्यावर निकाल कुणीही सांगेल. तो आधी सांगितल्याचा पुरावा उभा करणे हीच ‘फिक्स’ मॅचचे अंदाज विकणाऱ्या ग्रुपांच्या धंद्यातली खरी कारागिरी आहे, आणि ती मेसेजिंग ॲपच्या कितीतरी आधीची आहे.

सुरुवात टपालाने झाली. घोड्यांच्या शर्यतींचे आणि शेअरचे ‘जाणकार’ अनोळखी लोकांना फुकट अंदाजाची पत्रे पाठवत. समजा 3200 पत्ते आहेत. अर्ध्यांना कळवायचे की अमुक संघ जिंकेल, उरलेल्यांना नेमके उलटे. ज्यांना चुकीचे पत्र गेले त्यांना सोडून द्यायचे आणि उरलेल्या 1600 जणांचे पुन्हा दोन भाग करायचे. मग 800, 400, 200. पाचव्या सामन्यानंतर 100 माणसे अशी उरतात की ज्यांनी सलग पाच अंदाज बरोबर आलेले स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहेत. सहाव्या अंदाजासाठी पैसे मागायचे ते या शंभर जणांकडे. उरलेल्या 3100 जणांशी त्यांची गाठ कधी पडत नाही, सगळी युक्ती एवढ्यावरच चालते. 1980 च्या दशकात अमेरिकेत 900 ने सुरू होणाऱ्या महागड्या फोन क्रमांकांवरून हेच चालले. एका फोनवाल्याला एक संघ, दुसऱ्याला दुसरा, आणि मिनिटांचे पैसे दोघांकडून.

ॲपवर पोस्टाच्या तिकिटांचा खर्चही उरला नाही. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 जणांना एकच मेसेज जातो आणि तो आणखी कुणाला गेला हे त्यांच्यापैकी कुणालाच दिसत नाही. टेलिग्राम चॅनेलवर तर माणसे वाटून घेण्याचीही गरज नाही, मेसेज वाटले तरी भागते. खाजगी चॅनेलवर सामन्याआधी सगळे संभाव्य निकाल टाकायचे, सामना संपला की चुकलेले पुसायचे आणि मग चॅनेल सर्वांसाठी खुला करायचा. उरलेल्या मेसेजवरची वेळ खरीच असते, म्हणून माणूस फसतो.

2014 च्या फुटबॉल विश्वचषकात हीच करामत ट्विटरवर सगळ्या जगाने पाहिली. फिफातला भ्रष्टाचार उघड करतो म्हणणाऱ्या एका खात्यावर अंतिम सामन्याच्या आदल्या दिवसाचे ट्विट सापडले: जर्मनी जादा वेळेत जिंकेल, गोल ग्योत्झे करेल. 13 जुलैला तसेच घडले आणि हजारो लोकांनी ते पुढे पाठवले. प्रत्यक्षात त्या खात्याने वेगवेगळ्या शक्यतांचे ढीगभर ट्विट करून ठेवले होते आणि न जुळलेले नंतर काढून टाकले होते.

टेलिग्रामवर पुसलेल्या मेसेजची खूण चॅनेलमध्ये राहत नाही, पण क्रमांकात राहते. सार्वजनिक चॅनेलवरच्या मेसेजची लिंक कॉपी केली तर ती `t.me/channelname/412` अशी दिसते. शेवटचा आकडा हा त्या चॅनेलवरचा अनुक्रमांक, आणि पुसलेला क्रमांक पुन्हा वापरला जात नाही. सामन्याच्या आदल्या रात्रीचा ‘बरोबर’ अंदाज 412 वर आणि त्याच्या पुढचा मेसेज थेट 431 वर असेल, तर मधले अठरा कुठे गेले? एक-दोन क्रमांक गळाले तर त्यात काही नाही. मेसेज पिन केला की एक क्रमांक खर्च होतो, अल्बममधला प्रत्येक फोटोही एकेक घेतो. पण दर सामन्याच्या आदल्या रात्रीच अशी भगदाडे दिसत असतील तर तो योगायोग नव्हे. मेसेजखाली ‘edited’ दिसते का तेही पाहावे. खाजगी ग्रुपमध्ये सोपा उपाय म्हणजे अंदाज येताच स्क्रीनशॉट काढणे, आणि वेगळ्या लिंकवरून आत आलेल्या ओळखीच्या माणसाच्या स्क्रीनशॉटशी तो ताडून पाहणे.

जिंकलेल्या पैजांच्या पावत्यांचे फोटो पुरावा म्हणून धरूच नयेत. ब्राउझरमध्ये पानावरचा कोणताही आकडा दोन मिनिटांत बदलता येतो, त्यासाठी फोटो एडिट करायचीही गरज नसते.

सामने खरोखर फिक्स होतात, दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट कर्णधार हॅन्सी क्रोनिए याचे 2000 मधले प्रकरण सगळ्यांना आठवते, आणि या ग्रुपांची पत त्यावरच पोसली जाते. पण खऱ्या फिक्सची किंमत गुप्ततेत असते. शेकडो लोकांनी एकाच निकालावर पैसे लावले की बुकी भाव पाडतो किंवा बेट घेणेच थांबवतो. म्हणजे माहिती विकणारा स्वतःचाच नफा जाळत असतो. मग तो विकतो कशाला? कारण त्याची कमाई प्रवेश-फीवर असते, आणि बऱ्याचदा तो ‘याच साइटवर, याच लिंकवरून खाते उघडा’ म्हणतो तेव्हा त्या साइटकडून कमिशनवरही. काही करारांत हे कमिशन ग्राहकाच्या हरलेल्या रकमेतून मिळते.

फी भरून मिळालेल्या व्हीआयपी ग्रुपमधला पहिला अंदाज चुकला की ठरलेले उत्तर येते: ‘बातमी फुटली, डील रद्द झाली, पुढच्या मॅचमध्ये लॉस कव्हर.’ त्या मॅचसाठी फी पुन्हा भरावी लागते, बहुतेकदा आधीपेक्षा जास्त. जाब विचारणारा ब्लॉक होतो आणि त्याचा प्रश्न बाकीच्यांना दिसायच्या आत पुसला जातो.