बटण सेल गिळणे

रिमोट, गाडीची किल्ली, वजनकाटा, दिवाळीतल्या विजेच्या पणत्या, आवाज करणारी शुभेच्छापत्रे अशा वस्तूंतला चपटा गोल सेल लहान मुलाच्या पोटात जाण्याचा अपघात. पाच वर्षांखालील मुले, त्यातही दोन वर्षांच्या आतबाहेरची, यात सर्वाधिक सापडतात. कारण या वयात हाती लागलेली प्रत्येक वस्तू तोंडात घालून पाहिली जाते. गिळलेले बहुतेक छोटे सेल जठरात उतरतात आणि दोन-चार दिवसांत शौचावाटे बाहेर पडतात. सगळा धोका एकवटला आहे तो 20 मिलिमीटर व्यासाच्या लिथियम सेलमध्ये आणि तो अन्ननलिकेत अडकण्यात. या नोंदीत मुख्यतः त्याच सेलचा विचार केला आहे.

हा सेल ओळखायला सोपा आहे. त्याच्या पाठीवर CR2032 असे कोरलेले असते. त्यातला 20 हा आकडा मिलिमीटरमधला व्यास सांगतो आणि 32 म्हणजे 3.2 मिलिमीटर जाडी. CR2025 आणि CR2016 हे त्याचेच पातळ भाऊ. 2019 च्या मालिकेतले एक रुपयाचे नाणे नेमके 20 मिलिमीटरचे आहे, म्हणजे आकाराने दोन्ही सारखेच. लेझर खेळण्यांत असतो तो LR44 जेमतेम साडेअकरा मिलिमीटरचा असतो आणि सहसा अन्ननलिकेत न थांबता खाली सरकतो. वर्ष-दीड वर्षाच्या मुलाच्या अन्ननलिकेच्या तोंडाशी, गळ्याच्या खालच्या भागात, स्नायूंचे एक अरुंद कडे असते. नाण्याएवढी चकती बहुधा तिथेच अडते.

इजा कशाने होते

सेल फुटतो, आतले रसायन गळते आणि त्याने आतडे जळते, असा सर्वसाधारण समज आहे. लिथियम हे विष आहे, असेही अनेकांना वाटते. दोन्ही समजुतींमुळे माणूस गाफील राहतो, कारण सेल धडधाकट आहे म्हणजे घाई नाही असा निष्कर्ष त्यातून निघतो. प्रत्यक्षात पूर्ण बंद, नवा कोरा, एक थेंबही न गळणारा सेल सर्वांत जास्त नुकसान करतो. ते काम त्याचा विद्युतप्रवाह करतो.

अन्ननलिका एरवी मिटलेली, ओलसर नळी असते. तिच्यात अडकलेल्या सेलवर पुढची आणि मागची भिंत चिकटून बसते. सेलचे एक तोंड धन, दुसरे ऋण, आणि दोन्हींना लाळेने भिजलेली, क्षारयुक्त त्वचा टेकलेली, म्हणजे विद्युतमंडल पूर्ण झाले. प्रवाह कडेने, मांसातून वाहू लागतो आणि ऋण तोंडाशी पाण्याचे विघटन होते: हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि मागे हायड्रॉक्साइड, म्हणजे तीव्र अल्कली, साठत जाते. त्या जागचा पीएच 12 ते 13 पर्यंत चढतो. पानवाल्याकडच्या चुन्याची निवळी साधारण 12.4 पीएचची असते. पानात चुना जास्त झाला की जीभ पोळते, हे पान खाणाऱ्याला सांगावे लागत नाही. इथे तसा चुना एकाच जागी धरून ठेवलेला असतो, वर तो क्षणाक्षणाला नवा तयार होत असतो.

अल्कलीची इजा आम्लापेक्षा वेगळी असते. आम्लाने भाजले की प्रथिने गोठून खपली धरते आणि ती खपली काही प्रमाणात आम्लाला आत शिरू देत नाही. अल्कली उलट प्रथिने विरघळवते आणि चरबीचा अक्षरशः साबण करते. जागा मऊ, बुळबुळीत होत जाते आणि रसायन पुढच्या थरात शिरते. अन्ननलिकेची भिंत लहान मुलात काही मिलिमीटर जाडीची असते, तिला पार करायला फार वेळ लागत नाही. प्राण्यांच्या अन्ननलिकेवरील प्रयोगांत पहिल्या पंधरा मिनिटांतच डोळ्यांना दिसणारी इजा सुरू झालेली आढळली आहे. मुलांमध्ये दोन तासांत गंभीर जखम झाल्याच्या नोंदी आहेत.

हे मोठ्या माणसाला घरी पाहता येते. पांढऱ्या फडक्याला ओली हळद लावावी, त्यावर मिठाच्या पाण्याचे चार थेंब टाकावेत आणि फडके दुमडून मधोमध सेल ठेवावा, म्हणजे त्याची दोन्ही तोंडे ओल्या कापडाला टेकतील. काही मिनिटांनी ऋण बाजूखाली हळद तांबडी झालेली दिसते. हळदीत चुना मिसळला की कुंकवाचा रंग येतो, तीच ही क्रिया. प्रयोग संपला की सेल मुलांच्या हाती लागणार नाही असा टाकावा.

लिथियमच का

लिथियम धातू मुलाच्या मांसापर्यंत पोचतच नाही. त्याचे महत्त्व व्होल्टेजपुरते आहे. पाण्याचे विघटन व्हायला किमान 1.23 व्होल्ट लागतात, प्रत्यक्षात त्याहून थोडे जास्त. साध्या अल्कलाइन बटण सेलचे 1.5 व्होल्ट या उंबरठ्याच्या जेमतेम वर असतात, त्यामुळे विघटन मंद चालते. लिथियम सेल 3 व्होल्टचा असतो. उंबरठा ओलांडून त्याच्याकडे भरपूर जोर उरतो आणि प्रवाह कितीतरी जास्त वाहतो. व्यास मोठा म्हणून अडकतो आणि व्होल्टेज दुप्पट म्हणून वेगाने जाळतो. या दोन गोष्टी एकाच वस्तूत आल्या, इथे घात झाला.

रिमोट चालेनासा झाला म्हणून काढून टेबलावर ठेवलेला सेल ‘संपलेला’ असतो का? एक ढोबळ हिशेब करून पाहू. नव्या CR2032 मध्ये सुमारे 220 मिलिअँपिअर-तास प्रभार असतो. एक मिलिलिटर द्रवाचा पीएच 13 करायला जेवढे हायड्रॉक्साइड लागते, ते तयार करण्यास साधारण पावणेतीन मिलिअँपिअर-तास पुरतात. म्हणजे एकूण साठ्याच्या सव्वा टक्का. सेलखाली अडकलेला द्रव मिलिलिटरहूनही कमी असतो. रिमोट 2 व्होल्टच्या आसपास काम करणे थांबवतो, पण 2 व्होल्ट पाणी फोडायला पुरेसे आहेत. म्हणून घरातला ‘मेलेला’ सेल नव्याइतकाच जपून टाकला पाहिजे. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून टाकणे उत्तम.

अमेरिकेतील विषबाधा केंद्राच्या नोंदींवर आधारलेल्या 2010 मधल्या अभ्यासात 20 ते 25 मिलिमीटरचे सेल गिळलेल्या सहा वर्षांखालील मुलांपैकी 12.6 टक्के मुलांना गंभीर गुंतागुंत किंवा मृत्यू आला असे दिसले. आधीच्या दोन दशकांत हे मोठे लिथियम सेल घराघरांत वाढले, तसे वाईट परिणामांचे प्रमाण चढत गेले होते.

लक्षणे आणि निदानातली चूक

मूल बोलत नाही आणि गिळताना बहुतेक वेळा कुणी पाहिलेले नसते. लाळ गळणे, घास नाकारणे, दूध ओकणे, खोकला, श्वासाचा घरघर आवाज, कुरकुर, बारीक ताप, एवढेच दिसते. हे सगळे सर्दी-खोकल्यातही दिसते. काही मुलांना सुरुवातीला काहीच होत नाही. 2020 मध्ये टेक्सासमधल्या दीड वर्षाच्या मुलीला आधी घसा सुजण्याचा विषाणूजन्य आजार आहे असे समजले गेले. नंतर घरच्यांना रिमोटमधला सेल गायब असल्याचे लक्षात आले. शस्त्रक्रिया झाल्या, तरी ती वाचली नाही. तिच्या नावाने अमेरिकेत 2022 मध्ये ‘रीस कायदा’ झाला. बटण सेलचे झाकण मुलांना उघडता येणार नाही असे असावे, ही त्याची मुख्य अट आहे. ऑस्ट्रेलियात अशीच सक्ती त्याच वर्षी जूनमध्ये लागू झाली होती.

निदान एक्स-रेने होते. तो गळ्यापासून पोटापर्यंतचा हवा. समोरून काढलेल्या चित्रात नाणे एकसंध गोल दिसते, तर सेलच्या कडेच्या आत आणखी एक वर्तुळ दिसते, चकतीला दुहेरी कड असल्यासारखी. बाजूने काढलेल्या चित्रात सेलची एक पायरी दिसते. ती अरुंद, पायरीची बाजू म्हणजे ऋण तोंड, आणि ते ज्या दिशेला असेल तिकडे जखम खोल जाते. पुढे असेल तर श्वासनलिकेकडे, मागे असेल तर मणक्याकडे. ‘नाणेच असेल, उद्या पाहू’ असे म्हणून परत पाठवलेल्या मुलाची रात्रच महागात पडते.

पहिल्या तासात काय करावे

समजा, रात्री आठ वाजता रिमोटचे झाकण उघडे सापडले, सेल दिसत नाही आणि सव्वा वर्षाच्या बाळाची लाळ गळते आहे. खात्री नाही म्हणून थांबायचे नाही. एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयाकडे निघायचे आणि वाटेतूनच फोन करून ‘बटण सेल असण्याची शक्यता आहे’ असे शब्द वापरून सांगायचे. त्या शब्दांनी रांग बदलते. सेलचे पाकीट किंवा तसाच दुसरा सेल सोबत न्यावा.

आपल्याकडे नाणे गिळले की केळे, भाताचा गोळा किंवा पावाचा तुकडा भरवून ते खाली ढकलण्याची रीत आहे. इथे ती कटाक्षाने टाळावी. अडकलेला सेल त्याने सरकत नाही आणि पोट भरलेले असल्याने भूल द्यायला अडचण येते. घशात बोट घालणे, उलटी काढणे हेही नको.

अपवाद एकच, मध. फिलाडेल्फियाच्या बाल रुग्णालयातील संशोधकांसह एका गटाने डुकराच्या पिलांवर केलेले प्रयोग 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत मधाने सेलभोवती चिकट, किंचित आम्लधर्मी थर धरून इजेचा वेग कमी केल्याचे दिसले. त्यानंतरच्या मार्गदर्शनानुसार बारा महिन्यांवरील, गिळता येणाऱ्या मुलाला, सेल गिळून बारा तासांच्या आत, दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे, असे जास्तीत जास्त सहा वेळा देता येते. वर्षाच्या आतील बाळाला मध नको, त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम होऊ शकतो. मध शोधण्यासाठी निघणे लांबवू नये. तो प्रवासातली मिनिटे सौम्य करतो, सेल काढण्याला पर्याय नाही.

रुग्णालयात भूल देऊन दुर्बिणीने सेल काढतात. भिंत फाटलेली नसल्यास काही ठिकाणी सौम्य अॅसेटिक आम्लाने जागा धुऊन साठलेली अल्कली उदासीन करतात, कारण सेल निघाला तरी मांसात शिरलेली अल्कली काम करतच राहते. या कारणाने श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यात भोक पडणे काही दिवसांनीही उघड होते आणि भिंत आक्रसून गिळणे अवघड होणे काही आठवड्यांनी. सर्वांत भीषण म्हणजे जखम महाधमनीपर्यंत पोचणे. सेल काढून दोन-तीन आठवडे उलटल्यावरही असा रक्तस्राव झाला आहे. मोठ्या रक्तस्रावाआधी अनेकदा थोडेसे रक्त ओकल्याचे किंवा काळसर शौच झाल्याचे दिसते. घरी पाठवलेल्या मुलात असे थोडेही रक्त दिसले तर तीच रात्र, तेच रुग्णालय.

नाकात किंवा कानात घातलेला सेलही याच रीतीने जाळतो. नाकातला सेल पडद्याला भोक पाडतो, म्हणून तिथे थेंब किंवा पाणी घालू नये. ओल वाढली की प्रवाह वाढतो.