बेरीज एकदाच, मग नुसती वजाबाकी

एक लाख आकड्यांचा अ‍ॅरे आहे आणि त्यावर एक लाख प्रश्न येणार आहेत: अमुक जागेपासून तमुक जागेपर्यंतची बेरीज किती? दरवेळी नव्याने मोजत बसलं, तर काम एक हजार कोटी बेरजांपर्यंत जाऊ शकतं. त्यातल्या बहुतेक बेरजा आधी करून झालेल्याच असतात.

म्हणून पहिल्या जागेपासूनची चालू बेरीज एकदाच लिहून ठेवायची. हीच प्रीफिक्स सम. समजा आकडे ३, १, ४, १, ५, ९, २, ६ आहेत. चालू बेरजा होतील ०, ३, ४, ८, ९, १४, २३, २५, ३१. तिसऱ्या ते सहाव्या जागेची बेरीज हवी? सहाव्यापर्यंतचे २३, त्यातून दुसऱ्यापर्यंतचे ४ वजा: १९. ताडून पाहा, ४+१+५+९.

```
P[0] = 0
P[i] = P[i-1] + A[i]
sum(l, r) = P[r] - P[l-1]
```

सुरुवातीचं ते शून्य उगाच नाही. ते नसेल तर पहिल्या जागेपासूनच्या प्रश्नांसाठी वेगळी अट लिहावी लागते. खरी चूक मात्र `l-1` ऐवजी `l` लिहिण्याची. ती पकडायला `l` आणि `r` सारखेच देऊन बघायचे: उत्तर त्या जागेवरचा आकडाच यायला हवा, शून्य आलं तर चूक सापडली.

आता उलटा प्रश्न. सगळीकडे शून्य आहे. दुसऱ्या ते पाचव्या जागेत ५ मिळवा, चौथ्या ते आठव्या जागेत ३ मिळवा, अशा लाखभर सूचना आहेत. मला ही बाजू जास्त आवडते, कारण इथे मधल्या जागांना हातच लावायचा नाही. डिफरन्स अ‍ॅरेमध्ये फक्त दोन खुणा करायच्या: पट्टा सुरू होतो तिथे +५, संपतो त्याच्या पुढच्या जागी -५. म्हणजे दुसऱ्या जागी +५, सहाव्या जागी -५. चौथ्या जागी +३, नवव्या जागी -३. सगळ्या सूचना संपल्या की डावीकडून एकदाच चालू बेरीज करायची: ०, ५, ५, ८, ८, ३, ३, ३. नवव्या जागेची खूण अ‍ॅरेबाहेर पडते, म्हणून एक जागा जास्त ठेवावी लागते.

बेरीज फुगते, हेही लक्षात असू द्या. शंभर कोटींचे तीनच आकडे मिळवले तरी ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकाची २,१४,७४,८३,६४७ ही मर्यादा ओलांडली जाते आणि बेरीज अचानक ऋण दिसू लागते. तिथे ६४ बिटांचा प्रकार घ्यायचा.

बदल आणि प्रश्न आलटून पालटून येत असतील, तर ही युक्ती अडते. एक आकडा बदलला की पुढच्या साऱ्या चालू बेरजा बदलतात. तिथे बदल आणि बेरीज दोन्ही झटपट करणारा फेनविक ट्री लागतो. आणि पट्ट्यातला सर्वांत मोठा आकडा विचारला, तर वजाबाकीच उरत नाही: आठव्या जागेपर्यंतचा मोठा आकडा ९ आणि सहाव्यापर्यंतचाही ९, हे कळूनही सातव्या-आठव्या जागेतला मोठा आकडा कोणता ते हाती लागत नाही.