मूत्रपिंडातील आम्ल उत्सर्जन आणि अमोनिया

रक्ताची आम्लता मर्यादेत ठेवण्यासाठी मूत्रपिंड दोन वेगळी कामे करते. गाळणीतून खाली उतरलेले बायकार्बोनेट ते रक्तात परत आणते आणि रोजच्या चयापचयातून तयार होणारे आम्ल लघवीवाटे बाहेर टाकते. दोन्हींसाठी नलिकेच्या पेशींना हायड्रोजन आयन नलिकेत सोडावे लागतात, त्यामुळे ही कामे एकच असल्याचा समज सहज होतो. पण पहिल्या कामात शरीरातले आम्ल मुळीच कमी होत नाही. आम्ल खऱ्या अर्थाने बाहेर जाते ते दुसऱ्या कामातून, आणि त्यातला मोठा वाटा अमोनियाचा असतो.

निरोगी प्रौढ माणसाच्या मूत्रपिंडात दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्याच्या प्रत्येक लिटरमध्ये २४ मिलीमोल बायकार्बोनेट असते, म्हणजे रोज ४,३०० मिलीमोलहून जास्त बायकार्बोनेट नलिकेत उतरते. ते लघवीत वाहून गेले तर काही तासांतच रक्त धोकादायक पातळीपर्यंत आम्ल होईल. प्रत्यक्षात लघवीत ते जवळपास उरतच नाही. यातले सुमारे ८० टक्के नलिकेच्या पहिल्याच भागात, म्हणजे निकटवर्ती नलिकेत, परत घेतले जाते आणि उरलेले हेन्लेच्या वळणाचा जाड चढता भाग आणि संग्राहक नलिका घेतात.

मात्र बायकार्बोनेट जसेच्या तसे उचलून पेशीत नेले जात नाही. पेशी सोडियमचा एक आयन आत घेते आणि त्याच्या बदल्यात हायड्रोजनचा एक आयन नलिकेत सोडते. हा हायड्रोजन तिथल्या बायकार्बोनेटशी जुळून कार्बॉनिक आम्ल होते. पेशीच्या नलिकेकडील पृष्ठभागावरचे कार्बॉनिक अ‍ॅनहायड्रेज हे विकर त्याचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करते. कार्बन डायऑक्साइड पेशीत शिरतो. आत असलेले त्याच विकराचे दुसरे रूप उलट दिशेची क्रिया घडवते. त्यातून पुन्हा हायड्रोजन आणि बायकार्बोनेट मिळतात. बायकार्बोनेट सोडियमसोबत रक्ताच्या बाजूला जाते आणि हायड्रोजन पुढच्या फेरीसाठी पुन्हा नलिकेत सोडला जातो. हिशेब मांडला तर नलिकेतून एक बायकार्बोनेट गेले आणि रक्तात एक आले. शिलकीत भर पडली नाही, फक्त गळती थांबली. काचबिंदूसाठी दिले जाणारे अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध याच विकराला अडवते, म्हणून ते घेणाऱ्याच्या लघवीत बायकार्बोनेट वाहून जाऊ लागते.

आता दुसरे काम. अन्नातल्या प्रथिनांमधील गंधकयुक्त अमिनो आम्लांपासून सल्फ्युरिक आम्ल बनते. अशा, श्वासावाटे बाहेर न जाणाऱ्या आम्लांचा रोजचा भार शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण एक मिलीमोल, म्हणजे ७० किलोच्या माणसासाठी ७० मिलीमोल. हे आम्ल निष्प्रभ करताना तेवढेच बायकार्बोनेट खर्च होते आणि मूत्रपिंडाला तेवढेच नवे बनवून द्यावे लागते.

अडचण अशी की लघवीचा पीएच ४.५ च्या फारसा खाली जाऊ शकत नाही. त्या पीएचलाही एका लिटरमध्ये मोकळे हायड्रोजन आयन जेमतेम ०.०३ मिलीमोल असतात. ७० मिलीमोल आम्ल केवळ मोकळ्या रूपात टाकायचे तर रोज दोन हजार लिटरहून अधिक लघवी करावी लागेल. म्हणून हायड्रोजनला धरून ठेवणारा बफर हवा. फॉस्फेट हे काम उत्तम करते, पण गाळून येणारे फॉस्फेट आहारावर ठरते आणि गरज वाढली म्हणून फार वाढवता येत नाही. साधारणपणे रोजच्या आम्लाचा एक तृतीयांश ते निम्मा वाटा त्याच्याकडे जातो. बाकीचा अमोनियाकडे, आणि अमोनिया मूत्रपिंड स्वतः तयार करते.

तो येतो कुठून? निकटवर्ती नलिकेच्या पेशी रक्तातले ग्लुटामिन घेतात आणि त्याच्या एका रेणूपासून दोन अमोनियम आयन आणि दोन बायकार्बोनेट आयन तयार करतात. लघवीतल्या अमोनियाचा मुख्य स्रोत ग्लुटामिन असल्याचे व्हॅन स्लाइक आणि सहकाऱ्यांनी १९४३ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले.

इथे एक बारकावा नीट समजून घ्यायला हवा. अमोनिया नलिकेत जाऊन हायड्रोजन टिपतो आणि त्याचे अमोनियम होते, असे सोपे चित्र शिकवले जाते. पण शरीराच्या पीएचला सुमारे ९८ टक्के अमोनिया आधीच अमोनियमच्या रूपात असतो. खरा लाभ ग्लुटामिनपासून मिळणाऱ्या नव्या बायकार्बोनेटचा आहे. तो पदरात पडण्यासाठी सोबतचे अमोनियम लघवीतून गेलेच पाहिजे. ते रक्तात परतले तर यकृत त्याचे युरिया करते आणि त्यात तेवढेच बायकार्बोनेट खर्ची पडते.

अमोनियम लघवीपर्यंत सरळ वाहत जात नाही. जाड चढत्या भागात ते पोटॅशियमच्या जागी बसून नलिकेतून बाहेर उचलले जाते आणि मूत्रपिंडाच्या आतल्या भागात, मज्जेत, साठते. तिथून अमोनिया संग्राहक नलिकेत शिरतो. या नलिकेच्या अल्फा इंटरकॅलेटेड पेशी पंपाने हायड्रोजन सोडत असतात. तो मिळताच अमोनियाचे अमोनियम होते आणि त्याला सहज मागे फिरता येत नाही. म्हणजे अमोनियाचा पुरवठा आणि हायड्रोजनचा पंप, दोन्ही चालू असावे लागतात.

आम्लभार टिकून राहिला तर हा पुरवठा तीन ते पाच दिवसांत हळूहळू वाढतो. एरवी रोजचे ३० ते ४० मिलीमोल अमोनियम २०० च्याही वर जाऊ शकते. पोटॅशियम कमी झाले तरी अमोनिया वाढतो आणि पोटॅशियम वाढले तर तो दबतो.

यामुळे लघवीचा पीएच पाहून आम्ल किती जाते हे ठरवणे फसवे ठरते. नमुन्यादाखल, अनेक आठवडे जुलाब होत असलेल्या एका रुग्णाचे आकडे पाहू. रक्तात सोडियम १३८, पोटॅशियम २.८, क्लोराइड ११४, बायकार्बोनेट १४, पीएच ७.३१. लघवीचा पीएच ६.१. रक्त आम्ल असताना लघवी ५.५ च्या वर, म्हणून दूरस्थ नलिकेचा आम्लविकार, म्हणजे हायड्रोजनचा पंप बिघडल्याची शंका येते. तो निर्णय देण्याआधी लघवीतले क्षार मोजावेत. सोडियम ३०, पोटॅशियम २५, क्लोराइड ९५. सोडियम आणि पोटॅशियमच्या बेरजेतून क्लोराइड वजा केले तर उणे ४० येतात. क्लोराइडचा जोडीदार असलेला, न मोजलेला धन आयन भरपूर आहे, आणि तो अमोनियम. मूत्रपिंड आपले काम करते आहे. आम्लता आणि पोटॅशियमची कमतरता यांमुळे अमोनिया इतका वाढला आहे की तो हायड्रोजन शोषून पीएच वर नेतो. दोष आतड्यातून वाहून जाणाऱ्या बायकार्बोनेटचा आहे. पंपच बिघडलेला असता तर अमोनियम अडकले नसते आणि हीच वजाबाकी शून्याच्या वर, समजा अधिक ३० आली असती.

दीर्घकालीन मूत्रपिंडविकारात चित्र उलटे दिसते. तिथे लघवीचा पीएच ५.५ च्या खाली असू शकतो, म्हणजे पंप चालू आहे. पण नेफ्रॉन कमी उरल्यामुळे, प्रत्येकाने जास्त अमोनिया बनवूनही एकूण उत्पादन घसरते आणि रोजचे थोडे थोडे आम्ल मागे राहते. असे रुग्ण सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या घेतात तेव्हा त्या हाच तुटवडा भरून काढत असतात.

वजाबाकीच्या या कसोटीलाही मर्यादा आहेत. मधुमेहातल्या कीटो आम्लांचे किंवा टोल्युइन हुंगल्यावर तयार होणाऱ्या हिप्प्युरेटचे आयन लघवीत असले, तर अमोनियमचा जोडीदार क्लोराइड नसून ते असतात. मग अमोनियम भरपूर असूनही आकडा धन येतो. अशा वेळी लघवीची मोजलेली आणि हिशेबाने काढलेली ऑस्मोलॅलिटी यांतला फरक पाहतात, किंवा प्रयोगशाळेत सोय असल्यास अमोनियम थेट मोजतात. लघवीतले सोडियम २० च्या खाली गेले असेल तर आणखी सावध राहावे लागते. संग्राहक नलिकेपर्यंत सोडियम पोहोचतच नसल्यामुळे पंप चांगला असूनही तो हायड्रोजन पुरेसा सोडू शकत नाही.