औषधांचे दुष्परिणाम: टाइप ए, टाइप बी आणि मध्येच अडकणारं प्रायमाक्विन

नेहमीच्या डोसमध्ये औषध घेऊनसुद्धा जो नको असलेला, त्रासदायक परिणाम होतो त्याला अॅडव्हर्स ड्रग रिअॅक्शन किंवा नुसतं एडीआर म्हणतात. १९७७ मध्ये रॉलिन्स आणि थॉम्पसन यांनी याचे दोन गट केले. टाइप ए म्हणजे औषधाचं जे काम आहे तेच जास्त झालं, आणि टाइप बी म्हणजे औषधाच्या ओळखीच्या कामावरून ज्याचा अंदाजच येत नाही असं काहीतरी.

टाइप ए समजायला सोपा. श्रावणात कानबाईच्या रोटाचा उपास धरला, सकाळची डायबेटिसची ग्लिमेपिराइड गोळी मात्र सवयीने घेतली, दुपारी घाम, थरथर, चक्कर. गोळीने स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावलं, पोटात अन्न नाही, साखर खाली गेली, बस. डोस कमी केला किंवा वेळेवर जेवण झालं की त्रास थांबतो. असे प्रकार खूप होतात, पण त्यामानाने जीव कमी जातो. टाइप बी म्हणजे पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनने अॅनाफिलॅक्सिस, म्हणजे सगळ्या अंगाची तीव्र अॅलर्जी: डोस कमी करून काही उपयोग नाही, औषध बंदच करावं लागतं. हे क्वचित होतं, पण झालं तर जीवावर बेततं.

परीक्षेत एवढं लिहिलं की मार्क मिळतात. पण नंदुरबारकडच्या सातपुड्यात काम केलं तर प्रायमाक्विन या वाटणीची परीक्षा घेतं. या पट्ट्यातल्या आदिवासी समाजात सिकलसेलसोबत जी६पीडी एन्झाइमची कमतरता पण आढळते, आणि व्हायवॅक्स मलेरिया लिव्हरमधून परत उठू नये म्हणून प्रायमाक्विन द्यावंच लागतं.

समजा धडगावकडचा २२ वर्षांचा तरुण आहे. व्हायवॅक्स निघाला, क्लोरोक्विन ३ दिवस आणि प्रायमाक्विन रोज १५ मिलिग्रॅम, १४ दिवसांसाठी. तिसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी, डोळे पिवळे, हिमोग्लोबिन ११ वरून ७. जी६पीडी कमी असलं की लाल पेशींना ऑक्सिडेशनचा मार सोसत नाही आणि त्या फुटतात. हे कारण १९५६ मध्ये सापडलं, त्याआधी हा प्रकार म्हणजे शुद्ध टाइप बी, कोणाला होईल सांगता यायचं नाही. आज टेस्ट केली तर आधीच कळतं. शिवाय तो डोसवर अवलंबून आहे, म्हणून तर अशा पेशंटला देखरेखीखाली आठवड्यातून एकदा, ०.७५ मिलिग्रॅम प्रति किलो असं ८ आठवडे देण्याचा पर्याय आहे. म्हणजे पुस्तकात टाइप बी, वागणं बरंचसं टाइप ए. माझ्या मते "अनप्रेडिक्टेबल" हा शब्द बऱ्याचदा औषधाबद्दल कमी आणि आपल्याला पेशंटबद्दल काय माहीत नाही याबद्दल जास्त सांगतो.

आता रिपोर्टिंग. भारतात औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणारा फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम २०१० मध्ये सुरू झाला, २०११ पासून त्याचं राष्ट्रीय केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. फॉर्म जवळच्या एडीआर मॉनिटरिंग सेंटरला द्यायचा किंवा १८००-१८०-३०२४ वर फोन करायचा; डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, पेशंट स्वतः, कोणीही. चार गोष्टी नसल्या तर फॉर्म अर्धवट ठरतो: पेशंट (नाव नको, आद्याक्षरं आणि वय), काय झालं आणि कधी, संशयित औषध, आणि कळवणारा कोण. आपल्या तरुणाला अॅडमिट करावं लागलं म्हणून "सीरियस" मध्ये हॉस्पिटलायझेशनवर टिक. क्लोरोक्विन पण लिहायचं हं, संशय नसला तरी सोबतच्या औषधांत, तारखांसकट. इथेच विद्यार्थी चुकतात, "प्रायमाक्विनने पिवळे झाले" एवढंच लिहून मोकळे.

दोष औषधाचाच का, हे नॅरान्हो स्केलवर मोजून बघू, यात प्रत्येक प्रश्नाच्या उत्तराला गुण असतात. असे रिपोर्ट आधीपासून आहेत, १ गुण. औषधानंतर झालं, २ गुण. बंद केल्यावर सुधारलं, १ गुण. लॅबचा पुरावा आहे, १ गुण. परत देऊन पाहिलं नाही (आणि पाहूही नये), ० गुण. झाले ५. आता खरा प्रश्न, दुसरं कारण असू शकतं का? मलेरिया स्वतःही रक्तपेशी फोडतो. "हो" म्हटलं तर एक वजा, स्कोअर ४, म्हणजे "पॉसिबल". "सांगता येत नाही" म्हटलं तर ५ च राहतो, म्हणजे "प्रॉबेबल". एका उत्तरावर शेरा बदलतो, म्हणून आकड्यापेक्षा त्यामागची नोंद नीट लिहा. आणि संशय पुरेसा आहे, खात्री होईपर्यंत फॉर्म अडवून ठेवायचा नसतो.

अजून एक फसवी जागा: त्याच आठवड्यात जी६पीडी टेस्ट केली तर नॉर्मल येऊ शकते, कारण जुन्या पेशी फुटून गेल्या आणि राहिलेल्या कोवळ्या पेशींत एन्झाइम जास्त असतं. साधारण ३ महिन्यांनी परत करायची. तेव्हा कमी निघालं तर तो त्याच केसचा फॉलोअप म्हणून कळवायचा, नवीन फॉर्म म्हणून नाही, नाहीतर एकाच माणसाचे दोन पेशंट मोजले जातात.