`65` नावाची रिकामी फाईल

औशाजवळच्या आमच्या गावात मामांच्या अंगणात पर्जन्यमापक आहे. रोज सकाळी ते पावसाचा आकडा कळवतात आणि मी तो लॅपटॉपवर नोंदवतो. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की आपल्याकडे अतिवृष्टी म्हणतात, म्हणून मी बॅशमध्ये एवढंच लिहिलं:

```bash
mm=7
if [ $mm > 65 ]; then
  echo "अतिवृष्टी"
fi
```

सात मिलिमीटर म्हणजे नुसती भुरभुर, तरी पडद्यावर ‘अतिवृष्टी’ उमटलं. चूक दाखवणारा संदेश एकही नाही. मामा म्हणाले, “तुझ्या कंप्युटरला पाऊस कधी दिसलाच नाही का रे?” मग `ls` केलं, तर फोल्डरात `65` नावाची शून्य बाइटची फाईल!

आपल्याला `[` हा कंस दिसतो, पण बॅशच्या लेखी ती `ls` सारखीच एक आज्ञा आहे. म्हणूनच तिच्यापुढे जागा सोडावी लागते. कुठलीही आज्ञा चालवण्याआधी बॅश ओळीतला `>` बाजूला काढतो आणि ‘उत्तर या फाईलीत टाक’ असा त्याचा अर्थ लावतो. तो ओळीच्या मधोमध असला तरी चालतो. त्यामुळे `> 65` नं फाईल उघडली आणि आज्ञेच्या हाती उरलं फक्त `[ 7 ]`. एकच शब्द मिळाला की `[` एवढंच तपासते, की तो रिकामा तर नाही? ‘7’ रिकामा नाही, म्हणजे खरं. शून्य पाऊस असता तरी हेच उत्तर आलं असतं. आणि `[` स्वतः काही छापत नाही, म्हणून फाईल कोरी. आधीच `65` नावाची फाईल असती, तर तिच्यातला मजकूरही पुसला गेला असता.

उलट `<` लिहिलं असतं तर बॅशनं `65` फाईल वाचायला शोधली असती, आणि ती नसल्यानं लगेच बोंब मारली असती. पण `>` नं ती आधीच करून ठेवली असेल, तर `<` सुद्धा गप्प!

आकड्यांसाठी इथे `-gt` लिहायचं:

```bash
if [ "$mm" -gt 65 ]; then
```

किंवा `(( mm > 65 ))`, तिथे `>` चा अर्थ गणितातलाच राहतो. दुहेरी कंसाची `[[ $mm > 65 ]]` ही वाट मात्र फसवी आहे. फाईल होत नाही, पण तुलना शब्दकोशासारखी, अक्षराक्षरानं होते. ‘7’ हे ‘6’ च्या पुढचं, म्हणून सात मिलिमीटरची पुन्हा अतिवृष्टी. आणि ११२ मिलिमीटर कोसळला, तर ‘1’ आधी येतो म्हणून काहीच नाही. मला ही चूक पहिलीपेक्षा घातक वाटते, कारण मागे फाईलसुद्धा सापडत नाही.

एक अडचण उरलीच. मामा ७.२ असा आकडा सांगतात आणि `-gt` ला दशांश चालत नाहीत. म्हणून आता मी ७.२ ऐवजी 72 लिहितो आणि तुलना 650 शी करतो.